दोन्ही मजले एकदम बांधायचे की आधी तळमजला? सोलापुरातल्या शाळेचा एनपीव्ही मांडून बघू

आधी सांगतो, हे त्यांच्यासाठी लिहितोय ज्यांची शाळा नर्सरी ते चौथी चालू आहे, बऱ्यापैकी भरलेली आहे आणि आता पाचवी ते दहावी काढायची म्हणून बांधकामाचे कोटेशन टेबलावर येऊन पडलेत. मी संस्थांचे हिशोब आणि प्रोजेक्शन करून देतो त्यामुळे हा प्रश्न दरवर्षी दिवाळीनंतर कुणीतरी घेऊन येतंच. जुळे सोलापूर म्हणा, विजापूर रोड म्हणा, होटगी रोड म्हणा, तिकडच्या लेआउटमध्ये अशा शाळा भरपूर झाल्यात आणि सगळ्यांचं दुखणं एकच, चौथीपर्यंत पोरं आपल्याकडे आणि पाचवीला पालक दाखला मागायला दारात, कारण गावातली जुनी नावाजलेली हायस्कूल पाचवीपासून सुरू होतात.

उदाहरणासाठी एक शाळा घेऊ. आकडे मी धरलेले आहेत पण या भागातल्या मधल्या फीच्या इंग्लिश मीडियम शाळेला बसतील असेच. पाचवी ते दहावी, प्रत्येक इयत्तेच्या दोन तुकड्या म्हणजे १२ वर्गखोल्या, शिवाय लॅब, स्टाफरूम, टॉयलेट, पॅसेज मिळून १२,००० स्क्वेअर फूट, तळमजला ६,००० आणि पहिला मजला ६,०००. दर १,७५० रुपये फूट, बाकं-फळे-लॅबचं सामान आणि जीएसटी धरून. पर्याय दोन.

पहिला, दोन्ही मजले एकदम. आज २ कोटी १० लाख.

दुसरा, आत्ता तळमजलाच, पण पाया-कॉलम दोन मजल्यांच्या हिशोबाने, आणि पहिला मजला तिसऱ्या वर्षाच्या शेवटी. आज १ कोटी २५ लाख, तेव्हा आणखी १ कोटी २५ लाख.

बेरीज केली की दुसरा पर्याय ४० लाखांनी महाग, आणि मीटिंगमधे चर्चा इथंच संपते. अध्यक्ष म्हणतात "मालक, चाळीस लाख जास्त द्यायचे आणि वर परत तीन वर्षांनी सिमेंटची धूळ खायची, कशाला? एकदाच बांधून टाकू." ऐकायला बरोबर वाटतं. पण तीन वर्षांनी द्यायचे सव्वा कोटी म्हणजे आजचे सव्वा कोटी नव्हेत, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तीन वर्षांनी ते द्यावे लागतीलच असंही नाही. म्हणून पुढचा येणारा-जाणारा सगळा पैसा आजच्या किमतीला आणायचा आणि त्यातून खर्च वजा करायचा, उरतं त्यालाच एनपीव्ही म्हणतात.

आता दुसऱ्या पर्यायाचे आकडे कुठून आले ते बघा, कारण इथेच कॉन्ट्रॅक्टर गुंडाळतात. तळमजल्याचे ६,००० फूट गुणिले १,७५० म्हणजे १ कोटी ५ लाख. वर २० लाख कशाचे, तर पुढच्या मजल्यासाठी आजच करून ठेवायच्या कामाचे. आपल्याकडे काळी माती, पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगा पडून आकसते, त्यामुळे फुटिंग पार खाली मुरूम लागेपर्यंत न्यावं लागतं आणि एकदा तळमजल्याच्या मापाने फुटिंग भरलं की नंतर वर मजला चढवताच येत नाही. म्हणून फुटिंग, कॉलमचं स्टील, जिना, पाण्याची टाकी, विजेचा लोड सगळं आत्ताच दोन मजल्यांचं. मग तिसऱ्या वर्षी वरच्या मजल्याचा दर कमी यायला हवा ना, पाया तर झालेला? कागदावर हो. पण कॉन्ट्रॅक्टर परत साइट लावणार, सेंट्रिंगचं सामान परत येणार, गच्चीवर वॉटरप्रूफिंगसाठी घातलेला ब्रिकबॅट कोबा फोडून टाकावा लागणार, आणि खाली वर्ग चालू असल्यामुळे काम तुकड्यातुकड्याने. पायात वाचलेलं तिकडे जातं असं धरलं तर तेच १ कोटी ५ लाख, त्यावर वर्षाला ६ टक्के भाववाढ, तीन वर्षांत १ कोटी २५ लाख होतात. बरोबर तेवढेच.

कोटेशनवर जीएसटी आत आहे की वेगळा हे पहिल्यांदा विचारा. शाळेच्या फीवर जीएसटी नाही, त्यामुळे बांधकामावर भरलेला १८ टक्के जीएसटी परतही मिळत नाही, तो सरळ खर्चच. १,७५० "प्लस जीएसटी" निघालं तर २ कोटी १० लाखांवर जवळपास ३८ लाख वाढले, आणि ते एनपीव्हीतून जसेच्या तसे वजा.

आता येणारा पैसा. पाचवी ते दहावी एकदम भरत नाही, भरूच शकत नाही. पहिल्या वर्षी फक्त पाचवी, दुसऱ्या वर्षी पाचवी-सहावी, असं करत सहाव्या वर्षी दहावी उघडते. मधेच सातवीला किंवा आठवीला नवीन शाळेत पोरगं घालणारा पालक विरळा. म्हणजे १२ खोल्यांतल्या पहिल्या वर्षी २ वापरात, दुसऱ्या वर्षी ४, तिसऱ्या वर्षी ६, आणि सातवी खोली लागते ती चौथ्या वर्षी. वरचा मजला तिसऱ्या वर्षाअखेर तयार झाला तरी एकाही पोराला झाडाखाली बसायची वेळ येत नाही. प्रोजेक्शनमधे बऱ्याच जणांनी "पहिल्या वर्षी ४० टक्के, दुसऱ्या वर्षी ७० टक्के" असं हॉटेल भरल्यासारखं लिहिलेलं असतं, ते तेवढ्यासाठीच चुकीचं.

प्रत्येक इयत्तेत फी भरणारी ५० पोरं धरली. त्याशिवाय आरटीईची १२. हे लक्षात ठेवा, पहिलीला २५ टक्क्यांत आलेलं पोरगं आठवीपर्यंत मोफत शिकतं, म्हणजे तुम्ही पाचवी-सहावी-सातवी-आठवी उघडली की ती पोरं वर सरकणार आणि ती खोलीत बसणार, त्यांना शिक्षक लागणार. अल्पसंख्याक संस्था असेल तर हे लागू नाही. सरकारकडून एका पोरामागे वर्षाला १७,६७० रुपये धरतात पण ते कधी येतील हे ज्यांनी वाट बघितलीये त्यांना विचारा. मी तो पैसा शीटमधे धरतच नाही, आला तर वरकड. दोन्ही पर्यायांत तो जवळपास सारखाच येणार त्यामुळे तुलनेत फरक पडत नाही.

फी वर्षाला ३६,०००, त्यातली ९५ टक्के वसूल होते असं धरू, उरलेल्यात भावंडांची सवलत आणि मार्चपर्यंत न आलेली फी. म्हणजे एका इयत्तेमागे १७ लाख १० हजार. खर्च एका इयत्तेमागे, म्हणजे दोन तुकड्यांमागे, तीन शिक्षक महिना २०,००० ने आणि वरचा किरकोळ मिळून साडेआठ लाख. त्याशिवाय सुपरवायझर, क्लार्क, शिपाई, वॉचमन यांचे ६ लाख, मग वर्ग एक असो नाहीतर सहा. खर्च वर्षाला ६ टक्क्यांनी वाढतो.

फीवाढ मात्र दरवर्षी नाही, आणि माझ्या मते अख्ख्या शीटमधली सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट हीच. महाराष्ट्रात २०११ चा शुल्क विनियमन कायदा आहे, फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवून मंजूर करून घ्यावी लागते आणि मंजूर झालेली फी दोन शैक्षणिक वर्षं बांधील राहते. म्हणजे वाढ दोन वर्षांतून एकदा. मी दर दोन वर्षांनी १२ टक्के धरली. आता कुणी म्हणेल दोन वर्षांनी १२ म्हणजे वर्षाला ५.८ टक्केच झाले की, तेच टाकू. टाकून बघा. गुळगुळीत ५.८ टाकले की प्रत्येक सम वर्षात, म्हणजे दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या वर्षी, जी फी मिळणारच नाही ती तुम्ही कागदावर गोळा करताय आणि १५ वर्षांत त्याची आजची किंमत होते जवळपास २० लाख. नुसत्या एका फॉर्म्युल्याने शाळा २० लाखांनी श्रीमंत.

बरोबर मांडलं तर शिल्लक रक्कम झोपाळ्यासारखी दिसते. पाचव्या वर्षी ४६ लाख, सहाव्या वर्षी ५२, सातव्या वर्षी ६३, आणि आठव्या वर्षी परत ५८, कारण पट पूर्ण भरलेला, फी तीच आणि पगार मात्र वाढले. नवव्या वर्षी ७१, दहाव्या वर्षी ६५. कुणाच्या प्रोजेक्शनमधे ही खालीवर दिसत नसेल आणि रेष सरळ वर चढत असेल तर समजा फीचा कायदा विचारात घेतलेला नाही. सुरुवातीचं सांगायचं तर पहिल्या वर्षी हातात उरतात २ लाख ६० हजार, दुसऱ्या वर्षी पावणेदहा-दहा लाख, तिसऱ्या वर्षी २२, चौथ्या वर्षी २९.

ही १५ वर्षांची शिल्लक नुसती बेरजेला लावली तर ८ कोटी ३७ लाख होते आणि मीटिंगमधे चेहरे खुलतात. १२ टक्क्यांनी आजच्या किमतीला आणली की २ कोटी ९१ लाख. पहिली सहा वर्षं पट भरण्यात जातात आणि मोठा पैसा उशिरा येतो, उशिराच्या पैशाला कात्री जास्त लागते, म्हणून एवढी घसरण.

१२ टक्केच का? बँकेचं कर्ज काढलं तर जे व्याज पडेल त्याच्या थोडं वर आणि पट भरेल की नाही या जोखमीचं थोडं. "आमचा पैसा देणगीचा आहे, आम्हाला व्याज कुठंय" असं विश्वस्त म्हणतात, पण तोच पैसा एफडीत पडून काहीतरी देत होताच ना, शिवाय दुसरं काही करता आलं असतं. दर शून्य नसतो. आणि कर्ज काढणार असाल तर हप्ता किंवा व्याज या शीटमधे परत खर्चात टाकू नका, १२ टक्क्यांनी कात्री लावली त्यातच ते आलं, दोनदा वजा होतं. घसाराही नको, तो रोख जात नाही, आणि इन्कम टॅक्समधे धर्मादाय म्हणून नोंदणी असलेल्या ट्रस्टने उत्पन्नातला ८५ टक्के हिस्सा शाळेवरच खर्च केला तर टॅक्सही लागत नाही, इमारतीवरचा खर्च त्यात धरला जातो, त्यामुळे घसाऱ्याने टॅक्स वाचतो वगैरे कंपनीची गणितं इथे चालत नाहीत. पंधराव्या वर्षी इमारतीची विक्री किंमत मी शून्य धरलीये. ट्रस्टची मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही आणि चालू शाळा विकणार तरी कोण.

एक्सेलमधे एक खोच आहे. NPV फंक्शन पहिला आकडा वर्षाच्या शेवटी आला असं समजतं, त्यामुळे आजचा बांधकाम खर्च त्याच्या बाहेर ठेवायचा:

```
=NPV(12%,C3:C17)+C2
```

C2 मधे आजचे उणे २१०, C3 पासून पुढची १५ वर्षं, सगळं लाखात. C2 कंसाच्या आत घातलं तर ८१ चे ७३ दिसतात आणि मग कुणीतरी म्हणतं तुमचा आणि सीएचा आकडा जुळत नाही.

आता समोरासमोर ठेवू. "ठरल्याप्रमाणे" म्हणजे इयत्तेला फीची ५० पोरं आणि दोन तुकड्या. "हळू" म्हणजे फीची ३०च आली, त्यात आरटीईची १२ मिळून ४२ ची एकच तुकडी चालवली, शिक्षकही त्याच हिशोबाने कमी घेतले, इयत्तेमागे खर्च साडेचार लाख.

| | दोन्ही मजले एकदम | आधी तळमजला |
|---|---|---|
| आजचा खर्च | २१० लाख | १२५ लाख |
| तिसऱ्या वर्षाअखेर | काही नाही | १२५ लाख, आजच्या किमतीत ८९ |
| एनपीव्ही, ठरल्याप्रमाणे | +८१ लाख | +७७ लाख |
| एनपीव्ही, हळू | −३१ लाख | +५४ लाख, वरचा मजला बांधलाच नाही |

नुसत्या बेरजेत ४० लाखांचा फरक वाटत होता. ठरल्याप्रमाणे झालं तर तो फरक ४ लाखांवर येतो, तोही एकदम बांधण्याच्या बाजूने. म्हणजे अध्यक्ष चूक नव्हते, सगळं मनासारखं झालं तर एकदम बांधणंच किंचित स्वस्त. टप्प्याने बांधण्याची बाजू घेणारे सहसा म्हणतात "पैसा उशिरा जातो म्हणून फायदा", ते इथे खरं नाही, उशिराने १२ टक्के वाचतात पण भाववाढीचे ६ टक्के आणि पायाचे आगाऊ २० लाख ते खाऊन टाकतात.

खरा खेळ शेवटच्या ओळीत आहे. पट हळू भरला तर सहा इयत्तांना सहाच खोल्या लागतात, तळमजला पुरतो, आणि वरच्या मजल्याचा खर्चच होत नाही. एकदम बांधणाऱ्याकडे त्याच परिस्थितीत सहा खोल्या कुलूप लावून आणि खात्यात उणे ३१. फरक ८५ लाखांचा. ते आगाऊ घातलेले २० लाख वाया गेले असं तेव्हा वाटेल, पण तो विम्याचा हप्ता होता असं समजा.

एका बाजूला ४ लाखांचा फायदा, दुसऱ्या बाजूला ८५ लाखांचा तोटा. हिशोब सोपा आहे, पट हळू भरण्याची शक्यता वीसात एक एवढी जरी असली तरी दोन्ही पर्याय सारखे होतात, त्याहून जास्त असेल तर तळमजला. आणि जुळे सोलापुरात पाचवीला पोरं टिकवण्याची खात्री ९५ टक्के आहे असं छातीठोक सांगणारा संस्थाचालक मला तरी भेटलेला नाही.

अजून एक आकडा काढून ठेवा, मीटिंगमधे फार कामाला येतो. दोन तुकड्या चालू असताना प्रत्येक इयत्तेत फीचं एक पोरगं कमी-जास्त झालं तर एनपीव्हीत १४ लाख ४० हजारांचा फरक पडतो, कारण शिक्षक तेवढेच राहतात आणि फी सगळी शिल्लकीत जाते. हा हाताशी असला की बाकीचे वाद पटकन मिटतात. एकदम बांधण्यात ८१ लाख आहेत ना, मग इयत्तेला सहा पोरं कमी आली, ५० ची ४४, की ते संपले. सहा पोरं म्हणजे शेजारच्या लेआउटमधे एक नवीन शाळा आणि तिची एक स्कूलबस.

पण हाच आकडा दुसऱ्या बाजूनेही बोलतो हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. अर्धवट इमारत, वर कॉलमच्या सळया उभ्या, हे बघून पालक म्हणतात "यांची दहावी होतीये की नाही देव जाणे" आणि त्यामुळे इयत्तेला एक जरी पोरगं कमी आलं तरी टप्प्याच्या पर्यायाचे १४ लाख गेले, ठरल्याप्रमाणेच्या ओळीत फरक ४ चा १८ होतो. तसं झालं तर शक्यतेचा काटा वीसात एकवरून जवळजवळ सहात एकवर येतो. तरीही मी तळमजल्याकडेच झुकेन, पण मग दर्शनी भाग नीट करा, गच्चीला पॅरापेट घाला, आणि सळया उघड्या ठेवू नका. तीन पावसाळे सळया उघड्या राहिल्या की गंज धरतात आणि नंतर इंजिनिअर त्या नाकारतो, त्यापेक्षा सिमेंटचा लेप देऊन कच्च्या काँक्रीटमधे झाकून टाकलेल्या बऱ्या, दिसायलाही नीट दिसतं. महापालिकेकडून नकाशा दोन्ही मजल्यांचा मंजूर करून घ्या आणि बांधकाम परवानगीची मुदत कधी संपते ते कॅलेंडरवर लिहून ठेवा, नाहीतर तिसऱ्या वर्षी नव्या नियमाने परत सगळी फाईल फिरवत बसाल.

अजून एक, तळमजलाच बांधला तर त्याच्यावरचा स्लॅब सरळ उन्हात. एप्रिलमधे सोलापूर ४२ ला पोचतं, स्लॅबखालचा वर्ग दुपारी भट्टी. वर मजला चढेपर्यंत तिथे सकाळची शाळा लवकर सुरू करावी लागेल हे धरून चला. आणि वरचं काम मे महिन्याच्या सुट्टीत उरकेल असं कुणी म्हटलं तर ऐकू नका, ६,००० फुटांचा मजला दीड महिन्यात होत नाही. स्लॅब सुट्टीत पडेल असं वेळापत्रक लावा, कारण सेंट्रिंगखाली पोरं बसवता येत नाहीत. वीटकाम-प्लास्टर मग शाळा चालू असतानाच होणार, त्याला वेगळा जिना आणि पत्र्याचं कुंपण.

मधेच कुणीतरी म्हणतं इमारतच नको, सध्याच्या खोल्यांत दुपारची शिफ्ट लावा आणि दोन वर्षं बघा. विचार वाईट नाही. २ कोटी १० लाखांचं काम दोन वर्षं पुढे ढकललं तर भाववाढीने २ कोटी ३६ होतं पण आजच्या किमतीत १ कोटी ८८, म्हणजे २२ लाखांचा फायदा. फक्त दुपारची शिफ्ट नको म्हणून इयत्तेला दोन पोरं गेली की २९ लाख गेले. ज्यांच्याकडे बस कमी आणि पोरं चालत येणारी आहेत त्यांनी करून बघावं, बाकीच्यांनी नको.

आता सगळ्यात अवघड प्रश्न, वरचा मजला कधी बांधायचा. तक्त्यात परत बघा, तळमजला आणि एकच तुकडी एवढ्यावर ५४ लाख मिळतात, आणि दुसरी तुकडी, वरचा मजला, दुप्पट धावपळ करून ७७. म्हणजे वरच्या मजल्याची सगळी उठाठेव २३-२४ लाखांसाठी. पोरामागे १४ लाख ४० हजार लावले तर ५० ऐवजी ४८ पोरं आली की हे २३-२४ लाखही संपतात. मग ४५ पोरं दारात उभी असतील तर? आकडा सांगतो की एकच तुकडी भरा आणि बाकीच्यांना वेटिंगला ठेवा. संस्थाचालकाला हे पचत नाही, पोरगं परत पाठवायचं म्हणजे पाप वाटतं, पण दोन तुकड्या २२-२३ फीच्या पोरांवर चालवणं हा या धंद्यातला सगळ्यात शांतपणे बुडवणारा प्रकार आहे, तिजोरीत लगेच दिसत नाही कारण पट तर वाढलेला असतो.

आणि खरा निर्णय स्लॅब टाकायच्या दिवशी होत नाही, तो पाचवीची दुसरी तुकडी उघडता त्या दिवशी होतो. एकदा उघडली की ती पोरं दरवर्षी एक एक इयत्ता वर सरकत दहावीपर्यंत खोली मागत राहतात, त्यांना चौथ्या वर्षी सांगता येत नाही की आता एकाच तुकडीत बसा. तेव्हा पहिल्या वर्षी दुसरी तुकडी उघडायची की नाही हेच नीट ठरवा.

त्यासाठी सर्व्हे वगैरे नको. सध्याच्या चौथीच्या पालकांची बैठक जानेवारीत, गड्ड्याची जत्रा उरकली की घ्या, पाचवीची फी आणि शिक्षकांची नावं सांगा, आणि फेब्रुवारीअखेर पाचवीच्या प्रवेशाचा फीचा पहिला हप्ता किती जण भरतात ते मोजा. "बघू सर", "नक्की सर" हे मोजायचं नाही, पावती फाडलेली मोजायची, आणि आरटीईची पोरं त्यात धरायची नाहीत. पावत्या ४८ च्या वर गेल्या तर दोन तुकड्या उघडा आणि वरच्या मजल्याची तयारी धरा. पुढच्या वर्षीच्या चौथीतूनही ४८ च्या वर आल्या तर दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीत टेंडर काढा म्हणजे मे महिन्यात स्लॅब पडेल आणि तिसऱ्या वर्षाअखेर मजला तयार होईल. ३५ च्या आसपास आल्या तर एक तुकडी, तळमजला, आणि वरची गच्ची तशीच राहू द्या. आणि पहिल्याच वर्षी पावत्या २० च्या आत असतील तर पाया खोदायच्या आधीच थांबा, कारण २० फीच्या पोरांवर तळमजल्याचे सव्वा कोटीसुद्धा निघत नाहीत.